नेट संपल्यानंतरचा अभ्यास

दरवर्षी निकाल लागले की वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते. अमुक मुलीने लोकलच्या प्रवासात अभ्यास करून पदवी मिळवली, तमुक मुलाने घरातल्या एकाच फोनवर व्याख्याने पाहून परीक्षा सर केली. सोबत आईवडिलांनी पेढा भरवतानाचे छायाचित्र असते. त्या मुलामुलींविषयी आम्हांला आदरच आहे. आमची तक्रार आहे ती बातमीविषयी. ही बातमी ज्याचे कौतुक करते त्याच्यापेक्षा ज्याला दोष देते तो वाचक फार मोठा आहे. तिचा न लिहिलेला उत्तरार्ध असा असतो की, हिला जमले, मग तुला का नाही? आणि एकदा हा प्रश्न विद्यार्थ्याला विचारून झाला की तो संस्थेला विचारण्याची गरजच उरत नाही.

या बातमीची एक जुळी बहीण आहे. ती सभासमारंभांत भेटते. ‘आता फोन घराघरांत पोचला आहे, नेट स्वस्त झाले आहे, सगळी व्याख्याने उपलब्ध आहेत; शिकायचे नसेल त्याला कारणे पुष्कळ.’ हे विधान करणारी माणसे दुष्ट नसतात. बहुधा त्यांच्या घरी प्रत्येकाचा वेगळा फोन असतो आणि भिंतीवर वायफायचा डबा असतो, एवढेच. आम्ही या विधानाशी भांडणार आहोत; पण उमाळे काढून नव्हे, गुणाकार-भागाकार करून. कारण हे विधान करुणेच्या अभावी चुकलेले नसून हिशेबात चुकलेले आहे, असे आमचे मत आहे.

आधी ‘घराघरांत फोन’ याविषयी. ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयोगटातील मुलामुलींविषयीच्या २०२३च्या ‘असर’ पाहणीत सुमारे नव्वद टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन असल्याचे दिसले. इथवर वाचून टाळ्या वाजवता येतात. पण त्याच पाहणीत पुढे असे आहे की, ज्यांना फोन वापरता येतो त्यांच्यापैकी स्वतःचा फोन असणारे मुलगे ४३.७ टक्के आणि मुली १९.८ टक्के. म्हणजे फोन घरात असतो. हातात असतोच असे नाही. घरातला फोन आणि हातातला फोन यांत जे अंतर आहे त्याला तासांचे माप लावावे लागते, आणि ते कोणी लावत नाही.

आमच्या माहितीतल्या एका मुलीचे उदाहरण घेऊ. नाव सांगण्याचे कारण नाही. ती आसनगावजवळच्या एका गावात राहते, दादरच्या एका दुकानात हिशेबाचे काम करते आणि दूरशिक्षणाने बी.ए. करत होती. घरात स्मार्टफोन एक. तो दिवसा आईकडे, कारण धाकटा भाऊ दहावीला आणि त्याच्या शाळेचे सगळे निरोप त्याच फोनवर. वडिलांचे रात्रपाळीचे बोलावणेही त्यावरच येते. मुलगी कामावर जाताना साधा बटणांचा फोन बरोबर नेते. रात्री जेवणे उरकून, भावाचा अभ्यास संपून, स्मार्टफोन तिच्या हाती येई तो साडेदहाला. आणि सव्वाअकराला दिवा मालवावा लागे, कारण पहाटे उठून गाडी गाठायची. रोजची पंचेचाळीस मिनिटे. त्याच दिवसात तिचे पावणेदोन तास जाताना आणि पावणेदोन तास येताना असे साडेतीन तास गाडीत जात. पण त्या साडेतीन तासांत तिच्याजवळ स्मार्टफोन नसे.

म्हणजे जिथे वेळ आहे तिथे साधन नाही, आणि जिथे साधन आहे तिथे वेळ नाही. या मुलीची अडचण एका वाक्यात सांगायची तर एवढीच आहे. तिच्या संस्थेने तिला काय दिले होते? सहा विषय, प्रत्येकी पंधराच्या आसपास पाठ, आणि प्रत्येक पाठाचे सुमारे चाळीस मिनिटांचे एक चित्रमुद्रित व्याख्यान. सोबत ‘नोट्स’ या नावाखाली एक पीडीएफ. तिच्याविषयी पुढे बोलूच.

आता हिशेब. नव्वद व्याख्याने, प्रत्येकी चाळीस मिनिटे, म्हणजे साठ तास. रोज पंचेचाळीस मिनिटांप्रमाणे ती नुसती एकदा पाहून व्हायला ऐंशी रात्री लागतात. एकही रात्र पाहुणा नाही, ताप नाही, भावाची सराव परीक्षा नाही असे धरून. पाहिलेले पुन्हा पाहायचे, लिहून काढायचे, सोडवून बघायचे, यासाठी मग रात्रच उरत नाही. मध्यम प्रतीच्या चित्राला तासाला सुमारे तीनशे एमबी धरले, तर साठ तासांना अठरा जीबी लागतात. घरच्या पॅकमध्ये रोज दीड जीबी मिळते. म्हणजे घरातल्या इतर तिघांनी बारा दिवस नेटला हात लावायचा नाही. प्रत्यक्षात रात्री साडेदहाला तिच्या वाट्याला त्या दिवसाचे जे काही उरले असेल तेच येई. आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॅपवर शुभप्रभाताचे व्हिडिओ आपोआप उतरत असतील तर काहीच उरत नसे. ‘नेट संपलं’ हे वाक्य त्या घरात रोज रात्री उच्चारले जाई.

या वाक्यापाशी आम्ही वाचकांना थोडे थांबवू इच्छितो, कारण आमचे सगळे म्हणणे इथे आहे.

नेट संपत नाही. बहुतेक रोजच्या कोट्याच्या पॅकमध्ये दिवसाचा वाटा वापरून झाल्यावर जोडणी तुटत नाही. तिचा वेग उतरून ६४ केबीपीएस होतो आणि मध्यरात्री पुन्हा चढतो. जाहिरातीत ज्याला ‘अमर्याद’ म्हणतात त्याचा खरा अर्थ हा. ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला आठ किलोबाइट, तासाला जवळजवळ एकोणतीस एमबी. चाळीस मिनिटांचे दोनशे एमबीचे व्याख्यान या वेगाने उतरायला सात तास लागतील, म्हणून आपण म्हणतो नेट संपले. हे बोलणे व्हिडिओपुरते खरे आहे. पण त्याच नळाखाली दुसरे भांडे धरून पाहू.

बारा पानांचा पाठ घ्या. पानाला दोन हजार अक्षरचिन्हे धरली तर चोवीस हजार होतात. युनिकोडमध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह साधारण तीन बाइट जागा घेते, म्हणजे पूर्ण पाठ बहात्तर किलोबाइटचा. ‘संपलेल्या’ नेटवर तो नऊ सेकंदांत उतरतो. नव्वद पाठांचे सबंध वर्षाचे साहित्य साडेसहा एमबी, म्हणजे चौदा मिनिटांच्या आत. आता आवाज घ्या. एकट्या माणसाच्या बोलण्याला ३२ केबीपीएसची एमपी-३ पुरते. संगीत तिच्यात बिघडेल, पण मास्तरांचे शब्द स्पष्ट कळतात. तिला तासाला साडेचौदा एमबी लागतात. चाळीस मिनिटांचे व्याख्यान दहा एमबीहून कमी, आणि ‘संपलेल्या’ नेटवर ते उतरायला वीस मिनिटे. म्हणजे ऐकायला लागतो त्याच्या निम्मा वेळ. प्रत्यक्षात रेंज कमीजास्त असते, दुप्पट वेळ धरा. तरीही गणित बदलत नाही.

तेव्हा आमचे विधान असे आहे: ज्याला आपण शून्य समजतो त्या उरलेल्या वेगातून पदवीचा पूर्ण अभ्यासक्रम, अक्षर आणि आवाज मिळून, सहज जाऊ शकतो. जो जात नाही तो तसा घडवला म्हणून जात नाही. गरिबीने विद्यार्थ्याच्या वाटेत जेवढी धोंड ठेवली तिच्यावर संस्थेने आपली एक ठेवली आहे, आणि दुसरी धोंड उचलण्याचा खर्च जवळपास काही नाही.

यावर पहिला आक्षेप येईल की, पीडीएफ दिली होती ना? तर त्या पीडीएफविषयी. ती एका छापील पुस्तकाची फोनने काढलेली छायाचित्रे होती. चाळीस पाने, पस्तीस एमबी. म्हणजे अक्षराचा मजकूर चित्र करून दिला होता, आणि बहात्तर किलोबाइटच्या वस्तूला शेकडो पट फुगवले होते. पण वजन हा तिचा लहान दोष. ए-४ कागदाची रुंदी २१० मिलिमीटर, हातातल्या फोनच्या पडद्याची सत्तरच्या आसपास. पान पडद्यावर पूर्ण बसवले की अक्षर तिपटीने लहान होते; बारा पॉइंटांचा मजकूर चार पॉइंटांचा दिसतो. मोठे करून वाचायचे तर प्रत्येक ओळीला बोटाने पान डावीकडून उजवीकडे ओढायचे आणि परत आणायचे. घरी अंथरुणावर बसून हे कोणी करील. एका हाताने कडी धरून उभ्या असलेल्या माणसाला करता येणार नाही. आम्ही प्रयत्न करून पाहिला आहे. तिसऱ्या ओळीला ओळ चुकते आणि पाचव्या ओळीला संयम संपतो.

दुसरी एक पीडीएफ असते, ती अधिक फसवी. ती छायाचित्र नसते, अक्षरे रेखीव दिसतात. पण ती युनिकोडपूर्वीच्या एखाद्या फाँटमध्ये जुळवलेली असते. तिच्यातली एक ओळ उचलून दुसरीकडे चिकटवून पाहा. मराठीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा उमटला तर समजावे की हे मराठीचे सोंग आहे. अशा फाइलीत ‘मागणी’ शोधली तर मागणी सापडत नाही, ती पडद्याच्या रुंदीत वळत नाही, आणि फोनमधली मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय तिच्यापुढे मुकी होते. युनिकोड रुळून वीस वर्षे होऊन गेल्यावरही आपल्या उच्चशिक्षणातले मराठी साहित्य या सोंगात का आहे, याचे उत्तर तंत्रज्ञांकडे नाही. ज्यांनी ते कधी उघडून वाचले नाही त्यांच्याकडे ते आहे.

आम्ही काय केले ते आता सांगतो. शौर्य म्हणून नव्हे, खर्चाचा अंदाज यावा म्हणून. अर्थशास्त्राच्या तिच्या एका प्राध्यापकांना आम्ही भेटलो आणि त्यांच्या व्याख्यानांचा आवाज वेगळा काढायची परवानगी मागितली. त्यांनी ती आनंदाने दिली. उलट असे आजवर कोणी मागितले कसे नाही, म्हणाले. मग वाचनालयातल्या जुन्या संगणकावर एक ओळ लिहिली.

```
ffmpeg -i vyakhyan.mp4 -vn -ac 1 -ar 22050 -b:a 32k vyakhyan.mp3
```

या ओळीचा अर्थ एवढाच की चित्र गाळ, आवाज एकेरी कर आणि ३२च्या मापात बसव. फाइल तयार व्हायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागत नाही. हा फुकट मिळणारा कार्यक्रम कुठल्याही संगणकावर चालतो. ज्या संस्थेने कॅमेरे, दिवे आणि हिरवा पडदा विकत घेतला तिला ही ओळ परवडली नसती असे नाही. कोणाच्या मनातच आले नाही, हे खरे.

पण गोष्ट एवढ्याने सुटली नाही, आणि जिथे सुटली नाही तिथेच आम्ही शिकलो. तिच्या बटणांच्या फोनमध्ये मेमरी कार्डाची खाच होती आणि एमपी-३ वाजत होती. म्हणून चार जीबीच्या कार्डावर फाइली घातल्या. साठ तास म्हणजे नऊशे एमबीसुद्धा नाही, कार्ड रिकामेच वाटले असते. आठवड्याने ती म्हणाली, ‘काका, प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरू होतं.’ त्या फोनमधला वाजवणारा कार्यक्रम थांबल्याची जागा लक्षात ठेवत नव्हता. दुकानातून एक फोन आला की सव्विसाव्या मिनिटावरून पुन्हा ‘नमस्कार विद्यार्थी मित्रांनो’. आम्ही तिच ओळ वाढवून व्याख्यानाचे आठ-आठ मिनिटांचे तुकडे पाडले. तर ते घड्याळाने पडलेले तुकडे वाक्याच्या मध्येच तुटू लागले, व्याख्या एका तुकड्यात आणि तिचे उदाहरण दुसऱ्यात. शेवटी एका रविवारी बसून हाताने, मुद्दा संपेल तिथे, तुकडे केले. नावे देवनागरीत दिली होती, ती त्या फोनवर चौकोन दिसली. मग नुसते आकडे दिले. ०७-३ म्हणजे सातव्या पाठाचा तिसरा तुकडा.

मग चित्राचा प्रश्न आला. ‘आता इथे पाहा, ही रेषा अशी उजवीकडे सरकली आणि हा बिंदू इथे आला.’ आवाजात या वाक्याला काही अर्थ नाही. आवाजाने सगळे भागते असे आमचे म्हणणे नाही. मागणी-पुरवठ्याच्या आकृती कानाने शिकता येत नाहीत, सांख्यिकीची उदाहरणे तर नाहीतच. पण पंधरा पाठांत मिळून अशा आकृती बावीस निघाल्या. त्या आम्ही चार कागदांवर काढल्या, त्यांना क्रमांक दिले, आणि प्राध्यापकांनी मोठ्या मनाने त्या तुकड्यांच्या सुरुवातीला ‘आकृती नऊ समोर ठेवा’ अशी वाक्ये नव्याने बोलून दिली. पाठांचा मजकूर आम्ही तिघांनी वाटून टंकित केला आणि परिच्छेदांना अंक दिले. त्याची पाठपोट झेरॉक्स केली की एका पाठाला सहा कागद होत. तो खर्च व्हिडिओपेक्षा जास्त आहे असे कोणी म्हणेल तर त्यांनी लक्षात घ्यावे की जुलै २०२४मध्ये एका मोठ्या कंपनीचा रोज दीड जीबीचा अठ्ठावीस दिवसांचा पॅक २३९ रुपयांवरून २९९ वर गेला. झेरॉक्स एकदाच काढावी लागते आणि ती दर अठ्ठाविसाव्या दिवशी आंधळी होत नाही.

परिच्छेदांचे अंक ही क्षुल्लक बाब वाटेल. आम्हांला ती सर्वांत महत्त्वाची वाटू लागली आहे. गाडीतला अभ्यास सलग नसतोच. सकाळी आसनगावहून सुटणारी गाडी मिळाली तर बसायला मिळते, आणि टिटवाळ्यापर्यंत बऱ्यापैकी शांतता असते. कल्याणला डबा भरतो, त्यानंतर मांडीवर कुणाची तरी पिशवी येते. संध्याकाळी दादरला उभ्याने चढायचे, डोंबिवली-कल्याणला गर्दी उतरली आणि जागा मिळाली तर मिळाली. म्हणून सकाळी कागद आणि संध्याकाळी कान, अशी वाटणी तिने आपोआप केली. आम्ही ती सुचवली नव्हती. शिवाय दाराशी उभे राहून पडद्यात डोके घालणे जिवावर बेतते, हे रोजच्या प्रवाशाला सांगावे लागत नाही. अशा अभ्यासाचा घास दहा-बारा मिनिटांचा असतो, आणि प्रत्येक घासानंतर ‘मी कुठे होते?’ हा प्रश्न पडतो. अंक असलेला परिच्छेद त्याचे उत्तर देतो. चाळीस मिनिटांच्या व्हिडिओला धरायला अशी मूठच नसते. त्यात ‘लवचिकता’ कुठे समजावली होती ते शोधायला बोटाने पुढेमागे सरकवत राहावे लागते, आणि प्रत्येक सरकवण्याला नेट लागते.

अर्थात साडेतीन तासांतले साडेतीन तास कोणी अभ्यास करत नाही. ती दमून झोपे, मैत्रिणींशी बोले, आणि ते योग्यच होते. अर्धा वेळ धरला तरी आठवड्याला दहा तास होतात. साठ तासांचे व्याख्यान सहा आठवड्यांत कानावरून जाते. जिच्याकडे वेळ नाही असे आपण म्हणत होतो तिच्याकडे तो होता. आपण तो भलत्याच भांड्यात मागत होतो.

आता दुसरा आक्षेप, आणि हा अधिक गंभीर आहे. पुष्कळ शिक्षक प्रामाणिकपणे सांगतात की मुले वाचत नाहीत, वाचलेले त्यांना कळत नाही, म्हणून आम्ही दाखवतो. यात तथ्य आहे. पदवीच्या वर्गातही सलग दोन पाने वाचून आशय सांगता न येणारी मुले आम्ही पाहिली आहेत. पण वाचता येत नाही म्हणून मजकूर काढून घेणे हे कुठले शिक्षणशास्त्र? परीक्षा तर लेखीच होते. तीन तास कागदावर लिहायला लावणार, आणि वर्षभर कागद दाखवणार नाही! जी मुले घरी पुस्तके पाहत मोठी झाली ती व्हिडिओतूनही मनात मजकूर करून घेतात. ज्यांच्या घरी नव्हती त्यांना तो संस्थेकडूनच मिळायचा होता. शिवाय व्याख्यान पाहणे हे मुलांना आवडते याचा पुरावा म्हणून जो ‘व्ह्यूज’चा आकडा दाखवला जातो, तो फक्त आलेल्यांची मोजदाद करतो. नवव्या मिनिटाला नेट आटले म्हणून परत गेलेला आणि मुळात येऊच न शकलेला, दोघेही त्या आकड्यात नसतात.

दूरशिक्षणाची कल्पना ज्यांनी मांडली त्यांना हे माहीत होते. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाची दूरचित्रवाणीवरची व्याख्याने गाजली, पण १९७१पासून विद्यार्थ्याच्या घरी टपालाने जात होती ती छापील पाठपुस्तके, आणि अभ्यासाचा कणा तीच होती. आपल्याकडे १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले तेव्हा ‘स्वयं-अध्ययन’ साहित्य म्हणजे पुस्तकच अभिप्रेत होते: शिक्षक शेजारी नसताना विद्यार्थ्याला एकट्याने वाचता येईल, मध्ये थांबवून प्रश्न विचारील असे पुस्तक. २०१७ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ व्यासपीठाच्या आराखड्यातही चार अंगे आहेत: व्याख्यान, उतरवून छापता येईल असे वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि चर्चा. कागदावर चारही समान आहेत. पण अभ्यासक्रम ‘तयार झाला’ असे जाहीर होते ते पहिले अंग झाले की. दुसरे अंग बहुधा व्याख्यानातल्या पडद्यांचीच पीडीएफ असते, ज्यात अर्धी वाक्ये आणि बाण असतात.

असे का होते? आमचा तर्क थोडा कडू आहे. चाळीस मिनिटे बोलणे सोपे आणि बारा पाने लिहिणे अवघड असते. बोलण्यात सैल व्याख्या खपून जाते. लिहिली की ती पकडली जाते. लिहिलेल्या पाठाला परिभाषा ठरवावी लागते, मराठीत वाक्य उभे करावे लागते, उदाहरण आपल्या मुलुखातले शोधावे लागते. एके काळी महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळासारख्या यंत्रणांनी प्राध्यापकांकडून हे काम करून घेतले. त्या पुस्तकांत जड संस्कृतप्रचुरता होती, हे आम्हीच पूर्वी म्हटले असेल. पण पुस्तके होती. ती परंपरा मागे पडली आणि तिची जागा बाजारू गाइडांनी घेतली. व्हिडिओने त्या पोकळीला आधुनिकतेचे नाव दिले.

सामायिक फोनची आणखी एक गोष्ट नोंदवतो, कारण ती आमच्याही लक्षात उशिरा आली. परीक्षेचा अर्ज भरायला ती दादरला एका सायबर कॅफेत गेली. संकेतशब्द टाकल्यावर ओटीपी गेला तो आईच्या हातातल्या फोनवर, आसनगावला. आई विहिरीवर. दहा मिनिटांत ओटीपी मेला. दुसऱ्या प्रयत्नाला आईने फोन उचलला, पण आकडे वाचून दाखवता दाखवता वेळ संपला. अर्ज चौथ्या दिवशी भरला गेला, विलंबशुल्कासह. ‘एक माणूस, एक फोन’ हे गृहीत धरून बांधलेल्या दारातून कुटुंबाला आत जायचे होते. नंतर असेही कळले की दोन विषयांची व्याख्याने संस्थेने आपल्या स्वतंत्र अॅपमध्ये ठेवली होती. तिथे उतरवलेली फाइल अॅपबाहेर नेता येत नाही, कार्डावर घालता येत नाही, आणि ठरावीक मुदतीनंतर ती पुन्हा जोडणी मागते. हे चोरी होऊ नये म्हणून, असे सांगण्यात आले. चोर कोण, तर शुल्क भरलेली विद्यार्थिनी.

आम्ही संस्थेला पत्र लिहिले. मागणी तीनच ओळींची होती. प्रत्येक पाठाचा मजकूर युनिकोडमध्ये, पडद्याच्या रुंदीत वळेल अशा रूपात द्यावा. प्रत्येक व्याख्यानाचा आवाज मुद्द्यांप्रमाणे तोडून वेगळा द्यावा. आणि कोणताही अभ्यासक्रम जाहीर करण्यापूर्वी तो ६४ केबीपीएसवर एका साध्या फोनने उघडून पाहावा. तिसरी मागणी खर्चाची नाही. कुलगुरूंच्या दालनातही करता येईल. फोनमधला दिवसाचा कोटा आधी संपवावा आणि मग आपल्याच संस्थेच्या पानावर प्रवेश करून पहिला पाठ मिळवून दाखवावा. आमचा अनुभव असा की पाठ तर दूरच, प्रवेशाचे पानच उघडत नाही. कारण त्यावर मान्यवरांची फिरती छायाचित्रे आहेत.

दीड महिन्याने उत्तर आले: ‘सर्व व्याख्याने अॅपवर उपलब्ध आहेत.’

ती सहापैकी चार विषयांत पास झाली. कार्डावर जे विषय होते ते चार. उरलेल्या दोहोंची पुनर्परीक्षा ऑक्टोबरमध्ये आहे, आणि त्या दोन विषयांचे पाठ आम्ही सध्या तिघे मिळून रात्री ऐकून उतरवून घेत आहोत. आमच्या घरी वायफाय आहे.